टँकरचा प्रस्ताव कुठे अडला ते शोधा, शिफारस तिथेच आहे

प्रश्न: “मी एम.ए. लोकप्रशासनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव बीड जिल्ह्यात. उन्हाळ्यातल्या टँकरवर चार पानी पॉलिसी ब्रीफ द्यायचं आहे. 9 गावं फिरले. सरपंच, ग्रामसेवक, बायका, टँकरचे ड्रायव्हर, सगळ्यांशी बोलले. निष्कर्ष 22 निघाले. शिफारशी अशा लिहिल्या: पाणीपुरवठा वेळेवर करण्यात यावा, पुरेसे पाणी देण्यात यावे, जनजागृती करण्यात यावी, कायमस्वरूपी उपाययोजना कराव्यात. मॅडमनी शेरा मारला, ‘हे गावात न जाताही लिहिता आलं असतं.’ निष्कर्षातून नेमकी शिफारस काढायची कशी?”

उत्तर:

मॅडमचा शेरा कडक आहे, पण बोट बरोबर जागी ठेवलंय. भाषा सुधारून हे सुटायचं नाही. तुमच्या निष्कर्षांत गावाची अवस्था आहे: पाणी उशिरा आलं, कमी आलं. शिफारशीत तीच अवस्था उलटी करून लिहिलीय: वेळेवर यावं, पुरेसं यावं. मधला एक टप्पा गळालाय. ही अवस्था कोणाच्या कोणत्या निर्णयामुळे आली, किंवा कोणता निर्णय वेळेत न झाल्यामुळे आली, हे कुठेच नाही. आणि शिफारस त्या निर्णयाबद्दलच असावी लागते, कारण अधिकाऱ्याच्या हातात बदलण्यासारखं तेवढंच असतं.

मी मराठवाड्यात महसूल खात्यात बरीच वर्षं काढली. त्यातला मोठा काळ टंचाईच्या फायली आणि टिपण्यांत गेला. आता विद्यार्थ्यांची ब्रीफं वाचून देतो. त्यामुळे माझं उत्तर टेबलाच्या पलीकडच्या माणसाचं आहे असं समजा. सरकारी टिपणीत आधी वस्तुस्थिती येते, मग नियम किंवा शासन निर्णय काय म्हणतो ते, आणि शेवटी ‘सबब, अमुक करण्यास मान्यता असावी, आदेशार्थ सादर’ असा परिच्छेद. साहेब पहिल्यांदा तो शेवटचा परिच्छेद वाचतात. तुमची प्रत्येक शिफारस या कसोटीवर घासून बघा: तहसीलमधला अव्वल कारकून ती उद्या सकाळी त्या शेवटच्या परिच्छेदात उतरवू शकेल का? ‘पाणीपुरवठा वेळेवर करण्यात यावा’ यावर साहेब सही करतील, पण त्या सहीने कोणाचं काम बदललं हे कोणालाच सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या अभ्यासक्रमावर अवलंबून आहे. काही ठिकाणी ब्रीफ मंत्रालयातल्या सचिवांसाठी आहे असं धरून लिहायला सांगतात, काही ठिकाणी जिल्ह्यासाठी. मॅडमना हे आधी विचारा. सचिव वाचक असतील तर शिफारस शासन निर्णयात काय बदलायचं याची असेल. जिल्हाधिकारी वाचक असतील तर असलेल्या नियमाच्या चौकटीत काय वेगळं करता येईल याची. तुमची 9 गावं एकाच जिल्ह्यातली आहेत, म्हणून मी पुढे जिल्हाधिकारी धरून चालतो. ‘शासनाने’ असं मोघम लिहू नका. टँकरच्या कामात ग्रामपंचायत, पंचायत समिती, तहसील, प्रांत, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि जिल्हाधिकारी, सगळेच ‘शासन’ आहेत. सगळ्यांना उद्देशून लिहिलेलं कोणीच आपलं मानत नाही.

आता 22 निष्कर्षांचं काय करायचं? प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: याला जिल्ह्यातला कोणता निर्णय कारणीभूत आहे? पाऊस कमी झाला, बोअर हजार फुटांवर गेले, याला उत्तर नाही. ती पार्श्वभूमी आहे, दोन ओळींत संपवा. नळयोजनेचा निधी रखडला, याला उत्तर आहे, पण तो निर्णय बहुधा जिल्ह्याबाहेर होतो. तोही बाजूला ठेवा. मग जे उरतील, त्यातले तुमच्याकडे पुरावा असलेले दोन घ्या. बाकीचे परिशिष्टात टाका. चार पानांत सात-आठ शिफारशी असल्या की वाचणारा सोपी आणि बिनखर्चाची एक उचलतो, आणि ती बहुतेक वेळा जनजागृतीची असते.

‘टँकर उशिरा आला’ हा निष्कर्ष घेऊन मी शेवटपर्यंत जातो, म्हणजे पद्धत कळेल.

उशीर हा एकच नसतो. टँकरचा प्रस्ताव चार-पाच टप्प्यांतून जातो. ग्रामपंचायत ठराव घेते. तो पंचायत समितीत जातो. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात: विहीर खरंच आटली का, जवळपास खाजगी विहीर अधिग्रहित करता येईल का, टँकर भरायचा कुठून. मग मंजुरी. मंजुरीचा अधिकार मूळचा जिल्हाधिकाऱ्यांचा. टंचाई तीव्र असते तेव्हा तो प्रांताधिकाऱ्यांकडेही सोपवला जातो. तुम्ही ज्या वर्षाची माहिती घेतली त्या वर्षी काय होतं ते पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाच्या शासन निर्णयांत बघा, gr.maharashtra.gov.in वर मिळतील. मंजुरीनंतर ठेकेदाराकडे आदेश जातो आणि मग पहिली खेप येते.

तुमच्या टिपणांत ‘सरपंच म्हणाले, महिना लागला’ असं असेल. तेवढ्यावर शिफारस उभी राहत नाही. तुम्हाला प्रत्येक गावाच्या पाच तारखा लागतील: ठरावाची, पंचायत समितीतल्या आवक नोंदीची, संयुक्त पाहणीची, मंजुरी आदेशाची आणि पहिल्या खेपेची. पहिली ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात मिळते. दुसरी पंचायत समितीच्या आवक-जावक नोंदवहीत. पाहणीची तारीख पाहणी अहवालावर असते. आदेशाची जावक तारीख मंजुरी देणाऱ्या कार्यालयात. शेवटची टँकरच्या लॉगबुकात. माहिती अधिकारात मागितली तर 30 दिवस धरावे लागतात, तेवढा वेळ विद्यार्थ्याकडे नसतो. विभागाचं पत्र घेऊन पंचायत समितीत जा आणि नोंदवही पाहू द्या म्हणून विनंती करा. बहुतेक ठिकाणी दाखवतात, कारण त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

समजा, एका गावाचं चित्र असं निघालं (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत). ठराव 4 मार्चला झाला. पंचायत समितीत आवक 9 मार्चला. पाहणी 22 मार्चला. मंजुरी 25 मार्चला. पहिली खेप 28 मार्चला. एकूण 24 दिवस. यातले 13 दिवस नुसते पाहणीची वाट बघण्यात गेले. मंजुरीला 3 आणि ठेकेदाराला 3. म्हणजे ‘प्रशासन दिरंगाई करतं’ हे वाक्य इथे खरं ठरत नाही. सही करणारा माणूस तीन दिवसांत मोकळा झालाय. अडलंय ते पाहणीपाशी.

हेच दुसऱ्या गावात वेगळं निघू शकतं. तिथे मंजुरी आणि पहिली खेप यांच्यात बारा दिवस असतील तर प्रश्न ठेकेदाराच्या गाड्यांचा किंवा उद्भवापर्यंतच्या, म्हणजे टँकर जिथून भरतो तिथपर्यंतच्या रस्त्याचा आहे, आणि शिफारस ठेक्याच्या अटींकडे वळेल. ठराव व्हायलाच उशीर झाला असेल तर ती ग्रामपंचायतीची गोष्ट. म्हणून 9 गावांच्या तारखा एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडा आणि सगळ्यात मोठी फट कुठे पडते ते बघा. 9 पैकी 6-7 गावांत ती एकाच टप्प्यावर पडली, तर ब्रीफचा कणा मिळाला. विखुरली असेल तर तसंच लिहा आणि जिल्हाभर लागू होईल अशी शिफारस करू नका.

पाहणीला 13 दिवस का लागले, हा पुढचा प्रश्न. हे उत्तर नोंदवहीत मिळत नाही, माणसांकडे मिळतं. मार्चमध्ये त्याच दोन अधिकाऱ्यांवर वसुली आणि निधी खर्चाचा मार्चअखेरचा ताण असतो. त्याच पंधरवड्यात वीस-पंचवीस गावांचे प्रस्ताव एकदम येतात, कारण विहिरीही एकदमच आटतात. गाडी एक, अभियंता एक. दोष कोणाच्या आळसाचा धरू नका. काम एकाच पंधरवड्यात दाटलंय, असं कारण पुढे येतं. कारण असं नेमकं झालं की उपायही आपोआप अरुंद होतो: हे काम मार्चमधून बाहेर काढता येईल का?

इथे तुम्हाला यंत्रणेची एक गोष्ट माहीत असायला हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजते. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये जी पातळी मिळते, तिची मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून, पावसाची तूट जोडून, कोणत्या गावांत टंचाई येण्याचा संभव आहे याचा अहवाल जिल्ह्याला देते. जिल्ह्याचा टंचाई आराखडाही ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत बनतो. म्हणजे एप्रिलमध्ये कोणती गावं टँकर मागतील याचा ढोबळ अंदाज कागदावर पाच-सहा महिने आधी असतो. तरी पाहणी मात्र विहीर आटल्यावर आणि ठराव आल्यावर सुरू होते. तुमच्या ब्रीफमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे असायला हवं.

आता पर्याय मांडा. शिफारस एकटी आली की ती इच्छा वाटते, तिच्याशेजारी नाकारलेले पर्याय आले की ती विचार करून केलेली दिसते. पहिला पर्याय: पाहणीच रद्द करा. हा टिकणार नाही. गरज नसलेल्या गावात टँकर लागला तर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि तो सही करणाऱ्याच्या मागे लागतो. दुसरा: सात दिवसांत पाहणी झाली नाही तर मंजुरी गृहीत धरा. ऐकायला चांगलं आहे, पण गाडी आणि माणसं तेवढीच आहेत, त्यामुळे पाहणी कागदावरच होईल. तिसरा: संभाव्य यादीतल्या गावांची पाहणी जानेवारीतच करून ठेवा.

तिसऱ्यालाही एक खरा आक्षेप आहे, आणि तो तुम्ही स्वतःच लिहायचा. जानेवारीत विहिरीला पाणी असतं, मग पाहणीत दिसणार काय? यावर थोडं थांबून विचार केला तर उत्तर सापडतं. संयुक्त पाहणीत दोन प्रकारच्या गोष्टी तपासल्या जातात. गावाची लोकसंख्या, वाड्या-तांडे, अधिग्रहणाजोगी खाजगी विहीर, टँकर भरण्याचा उद्भव, त्याचं अंतर, रस्ता, गावात पाणी उतरवायची जागा, या गोष्टी जानेवारी आणि मार्चमध्ये फारशा बदलत नाहीत. बदलते ती फक्त विहिरीतली पातळी. म्हणून न बदलणारं सगळं जानेवारीत पाहून ठेवायचं आणि मार्चमध्ये पातळीपुरता ग्रामसेवकाचा तारीख-वेळेसह फोटो आणि दाखला घ्यायचा. अधिकाऱ्यांनी शंका असलेल्या मोजक्या गावांतच पुन्हा जायचं.

याची किंमतही लिहा. यादीतली काही गावं शेवटी टँकर मागणारच नाहीत, तिथली जानेवारीतली फेरी वाया जाईल. समजा, तालुक्यात 40 गावं यादीत आहेत आणि पथक रोज 4 गावं करतं, तर 10 दिवसांचं काम झालं. एवढे दिवस जानेवारीत मिळू शकतात, मार्चमध्ये नाही. आणि यादीत नसलेलं एखादं गाव मार्चमध्ये अचानक कोरडं पडेलच, त्याला जुनीच पद्धत राहील. हा शेवटचा मुद्दा लपवलात तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

मग शिफारस अशी लिहिता येते:

> जिल्हाधिकाऱ्यांनी डिसेंबरअखेर आदेश काढून, भूजल यंत्रणेच्या संभाव्य टंचाई यादीतील आणि मागील दोन उन्हाळ्यांत टँकर लागलेल्या गावांची संयुक्त पाहणी तहसीलदार व गटविकास अधिकारी यांच्याकडून 31 जानेवारीपूर्वी पूर्ण करून घ्यावी. उद्भव, अंतर, रस्ता, पर्यायी विहीर व लोकसंख्या या बाबी तेव्हाच नोंदवाव्यात. ग्रामपंचायतीचा ठराव आल्यानंतर केवळ पाणीपातळीच्या दाखल्यावर मंजुरीचा प्रस्ताव 3 दिवसांत सादर व्हावा. पहिल्या उन्हाळ्यात हे एका तालुक्यात करावे. ठरावापासून पहिल्या खेपेपर्यंतचे दिवस आवक नोंदवही व लॉगबुकावरून मोजून जूनच्या आढावा बैठकीत मांडावेत.

हे वाचून कोणी काय करायचं, कधी करायचं, आणि झालं की नाही हे कसं बघायचं, तिन्ही कळतं. वाक्याला कर्ता आहे. तुमच्या चारही मूळ वाक्यांत तो नव्हता. ‘एका तालुक्यात’ हे शब्द मुद्दाम आहेत. 9 गावांच्या पुराव्यावर अख्ख्या जिल्ह्याची पद्धत बदला म्हणणं जास्त होईल, पण एका तालुक्यात करून बघा म्हणायला तेवढा पुरावा पुरतो. पुराव्याच्या वजनाएवढंच मागा. अनुभवी वाचक हे लगेच ओळखतो. एक गोष्ट मात्र लिहिण्याआधी तपासा: सध्याच्या शासन निर्णयात पाहणीबद्दल काय शब्द आहेत. ‘ठराव आल्यानंतर पाहणी करावी’ असं स्पष्ट असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचे हात बांधलेले आहेत, आणि शिफारशीचा पहिला भाग ‘शासनाकडून मार्गदर्शन मागवावे’ असा करावा लागेल.

दुसरा निष्कर्ष, ‘पाणी कमी पडतं’. इथेही तीच पद्धत, पण निर्णय वेगळा सापडतो. ग्रामीण भागात टँकरने माणशी रोज 20 लिटर पाणी द्यायचा निकष आहे. हा निकष जिल्ह्यात बदलत नाही, म्हणून ‘निकष वाढवावा’ हे जिल्हाधिकाऱ्यांना सांगण्यात अर्थ नाही. (जल जीवन मिशनचं माणशी 55 लिटर हे नळयोजनेचं उद्दिष्ट आहे. ते टँकरला लावून तुलना करणारी ब्रीफं मी बरीच पाहतो. तसं करू नका.) पण 20 ला गुणायचं कशाने, हा आकडा जिल्ह्यातच भरला जातो. मंजुरी आदेशात गावाची लोकसंख्या कोणती धरलीय ते बघा. 2011 च्या जनगणनेची असेल तर तुमच्या हाती बीडपुरतं फार मोलाचं काहीतरी लागलंय.

त्या जनगणनेत माणसांची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या काळात झाली. जनगणनेची पद्धत अशी की मोजणीच्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नसतो, तो घरच्या गावात धरला जात नाही, असेल तिथे मोजला जातो. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. त्या वेळी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली कुटुंबं बीडच्या गावांत मोजली जाण्याचं कारण नव्हतं. हीच कुटुंबं पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात, म्हणजे नेमकी टँकर सुरू असताना. जुना आकडा, शिवाय गाव अर्धं रिकामं असतानाचा, आणि पाणी पिणारी माणसं भरल्या गावातली.

हिशेब करून दाखवा. आदेशात 1,500 माणसं धरली असतील तर रोज 30,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरच्या 3 खेपा. एप्रिलमध्ये गावात प्रत्यक्ष 1,900 माणसं असतील तर तेच पाणी माणशी 16 लिटरच्या आत येतं. खेपा मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्या, जीपीएसवर दिसल्या, लॉगबुकावर गावकऱ्यांच्या सह्या झाल्या, तरीही पाणी निकषापेक्षा कमी. ठेकेदार खेपा चुकवतो ही तक्रार गावोगाव ऐकू येते आणि कधी कधी ती खरीही असते. म्हणून तुमच्या गावांत आधी लॉगबुकातल्या खेपा मंजूर खेपांशी ताडून बघा. खेपा कमी निघाल्या तर प्रश्न देखरेखीचा. खेपा पूर्ण असून पाणी कमी असेल तर प्रश्न लोकसंख्येच्या आकड्याचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक कळतो तो याच तपासणीने.

मग खरी संख्या आणायची कुठून? विद्यार्थी पटकन रेशनकार्ड लिहितात. त्यात पुण्याला कायमची गेलेली माणसंही असतात, मग आकडा दुसऱ्या बाजूला फुगतो. मला अंगणवाडी सेविकेची कुटुंब सर्वेक्षण नोंदवही जास्त भरवशाची वाटते, कारण ती घरोघर फिरून अद्ययावत करायची असते. तिच्या जोडीला आशांकडची यादी. शिफारस अशी होईल: 15 एप्रिलला ग्रामसेवकाने अंगणवाडीच्या नोंदवहीवरून गावातल्या हजर माणसांची संख्या प्रमाणित करावी, आणि ती मंजूर संख्येपेक्षा, धरा, दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तहसीलदारांनी वाढीव खेपांचा प्रस्ताव द्यावा. खर्चाचा अंदाज सोपा आहे: एक जादा खेप, साधारण 60 दिवस, गुणिले तुमच्या जिल्ह्याच्या ठेक्यातला दर. दर आदेशातून घ्या, ऐकीव घेऊ नका. आणि आदेशात 2011 च्या ऐवजी अलीकडची लोकसंख्या धरलेली निघाली, तर हा मुद्दा निम्मा होतो. तेव्हा परतलेली कुटुंबं त्या आकड्यात आहेत का, एवढंच विचारायचं राहतं.

उरलेल्या दोन शिफारशींबद्दल थोडक्यात. ‘जनजागृती’ काढून टाका. तुमच्या गावांतल्या बायकांना पाण्याची किंमत कोणी शिकवायची गरज नाही, आणि तुमच्या 22 निष्कर्षांत अज्ञानामुळे पाणी कमी पडलं असा एकही नसेल. ज्या निष्कर्षाचं कारण माहितीचा अभाव आहे, त्यालाच जनजागृती उत्तर असते. ‘कायमस्वरूपी उपाययोजना’ मात्र अरुंद करून ठेवता येईल: सलग तीन उन्हाळे टँकर लागलेल्या गावांची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला द्यावी, आणि तिथल्या उद्भवाची तपासणी भूजल यंत्रणेकडून करून घ्यावी. पाइपलाइन आहे, टाकी आहे, पण विहिरीलाच पाणी नाही, अशी गावं तुम्हालाही भेटली असतील. एवढ्या एका वाक्याला तीन वर्षांच्या टँकर आदेशांचा आधार जोडला तर ते उभं राहतं.

मांडणीचं सांगायचं तर मुख्य दोन्ही शिफारशी पहिल्याच पानावर याव्यात, त्यांच्या वर दोन-तीन वाक्यांत प्रश्न. दुसऱ्या पानावर तारखांचा तक्ता आणि तो कसा वाचायचा. तिसऱ्यावर पर्याय, आक्षेप, खर्च. चौथ्यावर लोकसंख्येचा हिशेब आणि अभ्यासाची मर्यादा, म्हणजे किती गावं, कोणता तालुका, कोणत्या वर्षीच्या तारखा. मराठवाड्याच्या दुष्काळाचा इतिहास, 2016 ची मिरजेहून लातूरला पाणी आणणारी रेल्वे, हे सगळं प्रस्तावनेत घालायचा मोह होतो. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना ते माहीत आहे. ती जागा तक्त्याला द्या.

सादर करण्याआधी मसुदा तालुक्याच्या टंचाईचं टेबल सांभाळणाऱ्या एखाद्या कारकुनाला वाचायला द्या. तो बहुधा दोन गोष्टी विचारेल: खर्च कोणत्या लेखाशीर्षावर पडणार, आणि जानेवारीत पाहणीला गाडीचं डिझेल कोण देणार. दोन्हींची उत्तरं त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि तिसऱ्या पानावर खर्चाच्या खाली घाला. आणि आवक नोंदवही पाहायला जाणार असाल तर मार्चचा शेवटचा आठवडा सोडून जा, त्या दिवसांत तिथे कोणालाही तुमच्यासाठी वेळ नसेल.